‘आर्य, हे नाटक आहे’ : गर्भांकाची पार्श्वभूमी

नाटकात नाटक आले की आपल्याकडे पहिल्यांदा हॅम्लेट आठवतो. पण नाशिककराने खरे तर आधी भवभूतीकडे वळायला हवे. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या या विदर्भीय कवीने ‘उत्तररामचरिता’त हे तंत्र वापरले, आणि त्याची तयारी त्याने आपल्या पंचवटीपासून केली.

संस्कृत नाट्यशास्त्रात याला गर्भांक म्हणतात : अंकाच्या पोटातला दुसरा अंक. त्यालाही स्वतःची प्रस्तावना, बीज आणि फळ असते. भवभूतीच्या शतकभर आधी हर्षाच्या ‘प्रियदर्शिके’त तो दिसतो. तिथे राणी वासवदत्तेसमोर तिच्याच विवाहाचे नाटक चालते आणि राजाचे पात्र करायला सखीऐवजी खुद्द राजाच उभा राहतो. गंमत आहे, चोरटे प्रेम आहे, पण पणाला फारसे काही लागलेले नाही. भवभूतीने त्याच युक्तीवर एका स्त्रीचा न्याय सोपवला.

पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहतात. पंचवटीतल्या शूर्पणखेचे चित्र दिसताच सीता घाबरते आणि राम तिला समजावतो की हे चित्र आहे. त्याच अंकात लोकापवादामुळे तो तिचा त्याग करतो. पुढे बारा वर्षांनी, तिसऱ्या अंकात, तो पंचवटीत येऊन शोक करतो. गंगेच्या वरामुळे अदृश्य झालेली सीता जवळच उभी राहून ते सगळे पाहते. तिला त्याचे दुःख दिसते, पण त्याला ती दिसत नाही. इथे रंगमंचावरचा पहिला प्रेक्षक सीता आहे. पंचवटीत राहणाऱ्या आपल्याला रामकुंडाच्या परिसरात या अंकाची आठवण सहज यावी.

सातव्या अंकात भूमिका उलटतात. मूळ रामायणात कुश-लव अश्वमेधाच्या वेळी रामासमोर काव्य गातात. भवभूती त्या गायनाच्या जागी नाट्यप्रयोग आणतो. गंगेच्या काठी वाल्मीकीने नाटक बसवले आहे, अप्सरा अभिनय करतात, आणि राम-लक्ष्मणांबरोबर नगरजनही समोर बसले आहेत. ज्यांच्या कुजबुजीने सीता वनात गेली तेच हे लोक. प्रयोगात सीतेचा आक्रोश ऐकू येतो, प्रसूतीच्या वेदनांत ती गंगेत उडी घेते आहे. राम ताडकन उठतो, तिला हाक मारतो. लक्ष्मण म्हणतो, आर्य, हे नाटक आहे. पहिल्या अंकात ज्याने सीतेला चित्राचे भान दिले, त्यालाच आता नाटकाचे भान द्यावे लागते.

पण हा भ्रम रामाला फसवत नाही, तो त्याला माहिती देतो. पृथ्वी आणि गंगा दोन बाळांना घेऊन येतात, जृंभकास्त्रे त्या बाळांजवळ प्रकट होतात. ही अस्त्रे तुझ्या संततीला लाभतील, असे रामच पहिल्या अंकात सीतेला म्हणाला होता. त्यामुळे ही मुले आपलीच, हे त्याला नाटक पाहता पाहता कळते. पृथ्वी त्याला कठोर शब्दांत दोषही देते, आणि राजाला ते सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागते.

सीता पृथ्वीच्या पोटात जायला निघते तेव्हा राम बेशुद्ध पडतो. हाच का तुझ्या काव्याचा हेतू, असे लक्ष्मण वाल्मीकीला ओरडून विचारतो. वाद्ये थांबतात, आणि पाण्यातून खरी सीता गंगा आणि पृथ्वी यांच्याबरोबर वर येते. त्या तिला वसिष्ठपत्नी अरुंधतीच्या हाती सोपवतात. अरुंधती तिचा हात रामाच्या हाती थेट देत नाही, ती आधी नगरजनांना विचारते. ते नमस्कार करतात, मग पुनर्मीलन होते. माझ्या मते हेच भवभूतीचे मोठे धाडस आहे. वाल्मीकीची सीता धरणीत गेली, भवभूतीने प्रेक्षकांच्या संमतीने तिला परत आणले.

हॅम्लेटचा हेतू वेगळा आहे. तिथे बापाचा खून करणाऱ्या काकाला, म्हणजे राजा क्लॉडियसला, पकडण्यासाठी नाटक हा सापळा आहे. मराठीत ते आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळे 1883 साली आले. पण तो सापळा वाटतो तितका पक्का नाही : आतल्या नाटकातला खुनी हा तिथल्या राजाचा पुतण्या आहे, त्यामुळे क्लॉडियस उठतो ते अपराधाने की पुतण्याने दिलेल्या धमकीने, हे दरबाराला कळायला मार्ग नाही. गर्भांकात पुरावा मिळतो, इथे केवळ हॅम्लेटची खात्री पटते.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (1967) भवभूतीची चौकट पार उलटते. बेणारेबाईंवरचा खटला खोटा, हौशी मंडळींनी वेळ घालवायला मांडलेला. त्यात बाहेर येणारे सत्य मात्र खरे, आणि ते ऐकणारेच आरोप करतात. इथे सीतेला उठवणारी अरुंधती नाही.

हे अंक बसवताना एक अडचण नेहमी येते. आतले प्रेक्षक सभागृहाकडे पाठ करून बसले तर त्यांचे चेहरे हरवतात, आणि आतले नाटक मागे ढकलले तर ते दुरून दिसते. म्हणून बहुतेक वेळा राम-लक्ष्मणांना एका बाजूला, तिरपे बसवावे लागते. रामाचा चेहरा दिसलाच पाहिजे, कारण सातव्या अंकाचे खरे नाट्य अप्सरांच्या अभिनयात नाही, ते पाहणाऱ्या रामात आहे.