वांडरमाँड निश्चयक

a, b, c या तीन बिंदूंचा वांडरमाँड निश्चयक लिहायचा तर प्रत्येक बिंदूसाठी एक ओळ घ्यायची आणि त्या ओळीत बिंदूचे घात 0 पासून क्रमाने मांडायचे. a ची ओळ 1, a, a² अशी येते. n बिंदूंसाठी घात n−1 पर्यंत जातात. आलेक्सांद्र-तेओफील वांडरमाँड (1735–1796) या फ्रेंच गणितज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे.

सर्व बिंदू वेगळे असतील तर हा निश्चयक शून्य होत नाही. का, ते आकडेमोड न करताही दिसते. समजा तो शून्य आहे. मग सगळेच शून्य नसलेले p, q, r असे सहगुणक मिळतात की प्रत्येक ओळीवर बेरीज शून्य येते. म्हणजेच p + qx + rx² ही बहुपदी a, b, c या तिन्ही ठिकाणी शून्य होते. पण जास्तीत जास्त दुसऱ्या घाताच्या शून्येतर बहुपदीला तीन वेगळी मुळे असूच शकत नाहीत.

निश्चयकाची किंमतही काढता येते. तिसऱ्या स्तंभातून दुसऱ्याची a पट वजा करा, नंतर दुसऱ्यातून पहिल्याची a पट. क्रम उजवीकडून डावीकडेच हवा. दुसरा स्तंभ आधी बदलला तर तिसऱ्यातून मूळ स्तंभाऐवजी बदललेला स्तंभ वजा होतो आणि पहिल्या ओळीत a² तसाच उरतो. योग्य क्रमाने गेल्यास पहिली ओळ 1, 0, 0 होते. खालच्या ओळींतून (b−a) आणि (c−a) बाहेर काढले की 1, b आणि 1, c एवढाच 2×2 निश्चयक राहतो. म्हणून

```
V = (b−a)(c−a)(c−b)
```

1, 2, 4 या बिंदूंसाठी 1·3·2 = 6. सरळ विस्तार केला तरी 16 − 12 + 2 = 6 येतात. दोन बिंदू एकच असले तर दोन ओळी सारख्या होतात आणि किंमत शून्य.

यात दोन अटी गृहीत आहेत, आणि त्याच सहसा विसरल्या जातात. पहिली, मधला घात गाळायचा नाही. फक्त 1 आणि x² असे स्तंभ घेतले तर 1 आणि −1 हे बिंदू वेगळे असूनही दोन्ही ओळी 1, 1 येतात. दुसरी, शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्येतर राहिला पाहिजे. वास्तव किंवा संमिश्र संख्यांत, तसेच अविभाज्य मापांकाच्या अंकगणितात तो राहतो. मापांक 6 घेतला की राहत नाही. तिथे 0, 2, 3 वेगळे आहेत, पण V = 2·3·1 = 6, म्हणजे शून्य. वरचा युक्तिवादही तिथेच मोडतो: x² + x ची या बिंदूंवरची मूल्ये 0, 6, 12, म्हणजे तिन्ही शून्य.