पेशीच्या पृष्ठभागापर्यंत न पोहोचणारे प्रथिन

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या एका परिचितांच्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होत असे. घामाच्या तपासणीत क्षार जास्त निघाले आणि जनुकीय अहवालात F508del हा बदल आढळला. निदान झाले सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे. त्यावर आता गोळी मिळते. मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "जनुक तर तसेच राहणार, मग गोळी नेमकी दुरुस्त काय करते?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रथिनांच्या घडणीत आहे, आणि ते सापडायला बरीच वर्षे लागली.

प्रथिन तयार होते ते अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात. ठरावीक घडी पडल्याशिवाय ते काम करत नाही. अमेरिकेत क्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या लहान प्रथिनाची घडी युरिया वगैरे रसायनांनी पूर्ण मोडली. ती रसायने काढून टाकल्यावर साखळी आपोआप पूर्वीच्या आकारात आली आणि प्रथिन पुन्हा काम करू लागले. घडीची सगळी माहिती साखळीतच असते, हे त्यातून सिद्ध झाले. त्यांना १९७२ मध्ये नोबेल मिळाले. मात्र हा प्रयोग परीक्षानळीतल्या विरळ द्रावणातला होता. पेशीत प्रथिनांची दाटी असते. अर्धवट घडी पडलेल्या साखळीचे पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग उघडे असतात. असे दोन भाग समोरासमोर आले की चिकटतात आणि गुठळी होते.

ही गुठळी पेशी कशी टाळते, याचा धागा उष्णतेतून मिळाला. इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रे पाहत होते. उबवणपेटीचे तापमान चुकून वाढले, तेव्हा गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथली जनुके कामाला लागल्याची खूण. त्यांनी हे १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. या जनुकांपासून होणारी प्रथिने पुढे बहुतेक सर्व सजीवांत सापडली. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात तापणाऱ्या झाडांच्या पानांतही याच कुळातली प्रथिने वाढतात. उष्णतेने उलगडलेल्या साखळ्यांचे उघडे भाग ती धरून ठेवतात. शॅपरोन म्हणतात ती हीच. १९८९ मध्ये आर्थर हॉर्विच आणि फ्रान्झ-उलरिच हार्टल यांनी यीस्टच्या तंतुकणिकेत दाखवून दिले की याच कुळातले हीट शॉक प्रोटीन ६० बिघडले तर प्रथिने आत शिरतात, पण त्यांची जुळणी होत नाही. म्हणजे शॅपरोन नेहमीच्या तापमानालाही लागतात. ते घडीचा आकार ठरवत नाहीत. साखळीला चिकटाचिकटीपासून वाचवून आपली घडी स्वतः घालायला ते अवधी देतात.

त्याच वर्षी सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक सापडले. त्यापासून सीएफटीआर हे १४८० अमिनो आम्लांचे प्रथिन बनते. ते पेशीच्या पृष्ठभागावर बसून क्लोराइडला वाट देते. F508del मध्ये ५०८ व्या जागचे फेनिलअॅलॅनिन हे एकच अमिनो आम्ल गळलेले असते. वाटेल की बिघाड वाहिनीच्या कामात असेल. पण १९९० मध्ये दिसले ते निराळेच. सीएफटीआरवर शर्करेच्या साखळ्या जडतात आणि गॉल्गी संकुलातून पुढे जाताना त्या आणखी मोठ्या होतात, त्यामुळे वजनावरून प्रथिन कुठवर पोहोचले ते कळते. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर निरोगी प्रथिनाचा जड पट्टा दिसतो. F508del चा पट्टा हलकाच राहिला, म्हणजे प्रथिन गॉल्गीच्या आधीच्या टप्प्यात, आंतर्द्रव्यजालिकेतच अडकले होते. तिथले शॅपरोन त्याला धरून ठेवतात. घडी जमली नाही तर त्यावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअसोम ही प्रथिने तोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. अल्झायमरसारख्या आजारांत चुकीची घडी पडलेले प्रथिन साचून राहते. इथे ते साचत नाही, नाहीसे होते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९९२ चा प्रयोग. F508del चे प्रथिन बनवणाऱ्या पेशी ३७ ऐवजी सुमारे २७ अंश सेल्सिअसवर वाढवल्या, तर काही प्रथिन पृष्ठभागावर पोहोचले आणि क्लोराइड वाहू लागले. कामाची थोडीफार क्षमता असलेली वाहिनी पेशीची तपासणीच नष्ट करत होती. माणसाचे शरीर थंड करता येत नाही. पण घडीला आधार देणारा लहान रेणू मिळाला तर तोच परिणाम साधता येईल, ही दिशा त्यातून मिळाली.

२०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधात तीन घटक आहेत. एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर सीएफटीआरला चिकटून घडी सावरतात, तर आयव्हाकाफ्टर पृष्ठभागावर पोहोचलेली वाहिनी अधिक वेळ उघडी ठेवते. जनुक बिघडलेलेच राहते आणि पेशी सदोष साखळ्या बनवतच राहते, म्हणून गोळी रोज घ्यावी लागते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत F508del असला तरी हे औषध उपयोगी पडते. ज्या बदलांमुळे साखळी बनणे मध्येच थांबते आणि प्रथिन तयारच होत नाही, तिथे सावरायला काही उरत नाही. युरोपच्या तुलनेत भारतीय रुग्णांत F508del चे प्रमाण कमी आहे. त्यामुळे आपल्याकडे औषधाचा विचार करण्याआधी दोन्ही प्रतींतले बदल कोणते, हे अहवालात पाहावे लागते.