एफएफटीचा फायदा नेमका कुठून सुरू होतो?

नागपूरच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात एक टाळी वाजवून तिचा घुमारा मुद्रित केला, तर स्टुडिओत गायलेल्या ख्यालालाही तो घुमारा संगणकावर देता येतो. या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि घुमारा १ सेकंद टिकतो असे धरले, तर त्याचे ४८,००० सहगुणक होतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्यासाठी तितकेच गुणाकार करावे लागतात. म्हणजे सेकंदभराच्या गाण्यासाठी सुमारे २३० कोटी.

दोन्ही संकेतांचे वारंवारतांमध्ये रूपांतर केले, की कन्व्होल्यूशनच्या जागी जोडीजोडीने साधा गुणाकार पुरतो. मात्र या रूपांतराच्या सरळ रीतीला, म्हणजे डीएफटीला, N नमुन्यांसाठी N² संमिश्र गुणाकार लागतात, त्यामुळे या वळशाने काहीच वाचत नाही. कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेली एफएफटी ही त्याच रूपांतराची जलद रीत सम आणि विषम क्रमांकाचे नमुने वेगळे करून प्रश्न पुन्हापुन्हा अर्धा करत जाते, आणि तिला (N/2)log₂N गुणाकार पुरतात. N = १०२४ असेल, तर १०,४८,५७६ ऐवजी ५,१२०.

हा आकडा पाहून एफएफटी नेहमीच सरस वाटते, पण हिशेब इथे संपत नाही. गाण्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची एफएफटी, घुमाऱ्याच्या आधीच काढून ठेवलेल्या एफएफटीशी गुणाकार आणि मग उलट एफएफटी, असे मिळून N(log₂N + 1) संमिश्र गुणाकार होतात, आणि प्रत्येकात ४ साधे गुणाकार दडलेले असतात. शिवाय सहगुणक M असतील, तर N पैकी N − M + 1 उत्तरेच कामाची असतात. तुकड्याला पुरेशी शून्ये जोडली नाहीत, तर शेवटचा घुमारा गुंडाळून सुरुवातीला येऊन बसतो; तुकड्याच्या शेवटी एकच टोला ठेवून उत्तराच्या आरंभी आवाज उमटतो का, हे पाहिले की ही चूक लगेच पकडता येते.

आता सभागृहासाठी N = १,३१,०७२ घेतले, तर दर नमुन्यामागे सुमारे ११४ गुणाकार पडतात, म्हणजे काम चारशेपटीहून कमी होते. उलट १६ सहगुणकांच्या छोट्या फिल्टरला N = १२८ घेऊनही सुमारे ३६ गुणाकार लागतात, तर सरळ पद्धतीला फक्त १६. सहगुणक ३२ असले तरी सरळ पद्धतच जिंकते; ६४ असले, की N = ५१२ घेऊन एफएफटी सुमारे ४६ वर येते. संकेत वास्तव असल्याचा लाभ घेतला, तर ही सीमा आणखी खाली सरकते. प्रोसेसर आणि स्मृतीच्या वेगानेही ती हलते, म्हणून प्रत्यक्ष वेळ मोजणे हाच खरा निकाल. गाणे किती लांब आहे यापेक्षा घुमारा किती लांब आहे, यावर ही सीमा मुख्यतः ठरते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

सभागृहासाठी घेतलेल्या एवढ्या मोठ्या तुकड्यासाठी ८३,०७३ नवे नमुने जमण्याची, म्हणजे पावणेदोन सेकंद, वाट पाहावी लागते, आणि प्रत्यक्ष मैफलीत ते चालणार नाही. विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये यावर तोड सुचवली: घुमाऱ्याचा सुरुवातीचा छोटा भाग सरळ पद्धतीने करायचा आणि उरलेला, वाढत्या लांबीच्या तुकड्यांत, एफएफटीकडे सोपवायचा.