मानेच्या डॉपलरचा रिपोर्ट : ‘६०% ब्लॉक’ म्हणजे नक्की किती?

मागे एक सेवानिवृत्त काका आमच्याकडे केलेल्या डॉपलरचा, म्हणजे मानेच्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन दुसऱ्याच दिवशी परत आले. “साठ टक्के ब्लॉक आहे, रात्रभर झोप नाही,” म्हणाले. चूक आमचीच होती. तो टक्का कसा मोजला, हे आम्ही ठळक लिहिलं नव्हतं.

मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी मानेत, साधारण जबड्याच्या कोनाखाली, दुभागते; त्यातला मेंदूकडे जाणारा फाटा म्हणजे आतली कॅरोटिड. तिथेच आतल्या अस्तरात चरबी आणि कॅल्शियमचा थर साचतो. हाच प्लाक. साठीनंतर थोडाफार प्लाक पुष्कळांना दिसतो.

काकांच्या रिपोर्टमधले ६०% हे क्षेत्रफळाचे होते, म्हणजे नळीच्या गोल तोंडापैकी ६०% जागा थराने व्यापलेली. तीच नळी व्यासाने मोजली तर फक्त ३७% अरुंद ठरते. उपचार ठरवताना डॉक्टर व्यासाचा टक्का पाहतात. आता आम्ही तोच लिहितो.

त्याहून भरवशाचा आकडा वेगाचा. बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं अरुंद जागेतून रक्त वेगाने जातं. रिपोर्टमध्ये ‘पीएसव्ही’ म्हणून लिहिलेला आकडा म्हणजे ठोक्यागणिक होणारा सर्वाधिक वेग. आतल्या कॅरोटिडमध्ये तो सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अरुंदपणा बहुधा ५०% पेक्षा कमी असतो. १२५ ते २३० म्हणजे साधारण ५० ते ६९%, आणि २३० च्या वर म्हणजे ७०% किंवा जास्त. काकांचा वेग होता ९८. खालच्या मुख्य धमनीत तो ७५ होता, म्हणजे गुणोत्तर १.३. ते २ च्या आत असल्यामुळे दोन्ही आकडे एकच सांगत होते, की अडथळा ५०% पेक्षा कमी आहे. काकांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषयही काढला नाही. कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीवर लक्ष, एवढंच.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नळी जवळजवळ बंद झाली की वेग उलट घटतो, कारण त्या फटीतून रक्तच फारसं पुढे जाऊ शकत नाही. अशा वेळी चित्रात मोठा प्लाक आणि आकडा साधा, असं विसंगत दिसतं. कॅल्शियमची सावली पडली तरी खालचं नीट दिसत नाही. असं झालं की आम्ही रिपोर्टमध्ये तसं लिहितो, आणि डॉक्टर बहुधा सीटी अँजिओग्राफी सांगतात.

पुढच्या तपासणीला जुना रिपोर्ट जरूर आणा. व्यासाशी व्यास आणि वेगाशी वेग ताडून पाहिला, तरच प्लाक वाढला की नाही ते कळतं.

आणि टक्का कितीही कमी असो, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे अचानक पडदा आला, तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.