पहिल्या चारचाकीचे अंदाजपत्रक (नागपूर)

पहिली गाडी किती रुपयांची घ्यावी हे शोरूममधल्या किमतीवरून न ठरवता, हातात येणाऱ्या पगारातून उलट्या दिशेने काढण्याची ही रीत आहे. पगारातला गाडीसाठीचा वाटा आधी ठरवायचा. त्यातून गाडी चालवण्याचा महिन्याचा खर्च वजा करायचा. जे उरेल तेवढाच कर्जाचा हप्ता, आणि त्या हप्त्यात बसेल तेवढेच कर्ज. बहुतेक घरांत हिशेब याच्या उलट होतो: आधी मॉडेल पसंत पडते, मग हप्ता बसवला जातो आणि पेट्रोल, विमा, टायर यांचे नंतर बघू म्हणून सोडून दिले जाते. पहिली गाडी अंगावर येते ती बहुधा या 'नंतर बघू'मुळे.

हातात येणारा पगार म्हणजे भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि आयकर कापून खात्यात जमा होणारी रक्कम. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत काम करणाऱ्यांचा पगार ओव्हरटाइममुळे वरखाली होतो. अशा वेळी गेल्या वर्षातला सर्वांत कमी पगाराचा महिना धरावा. दिवाळीचा बोनस या हिशेबात घेऊ नये.

वाटा किती असावा? अमेरिकेत 20/4/10 असा एक ठोकताळा प्रचलित आहे: 20 टक्के रक्कम रोख, कर्ज 4 वर्षांचे आणि गाडीचा एकूण खर्च उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या आत. पहिल्या दोन अटी नागपुरातही चांगल्या आहेत. तिसरी मात्र मध्यम पगाराला झेपत नाही, कारण आपल्याकडे पगाराच्या मानाने पेट्रोल महाग आहे आणि 10 टक्के त्यातच संपतात. हप्ता आणि चालवण्याचा खर्च मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या 20 टक्क्यांपुढे जाऊ नये, ही मर्यादा अधिक व्यवहार्य आहे. घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता मोठा असेल तर तीही खाली आणावी लागते.

एक उदाहरण घेऊ. नंदनवन भागात राहणाऱ्या आणि मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणीचा पगार हातात 60,000 रुपये येतो. अडीअडचणीची शिल्लक बाजूला ठेवून गाडीसाठी तिच्याकडे 2.5 लाख रुपये आहेत. 20 टक्क्यांनी महिन्याचे 12,000 रुपये होतात. नोकरीला जाऊन-येऊन रोजचे 30 किमी, महिन्याला 22 दिवस, वर शनिवार-रविवारची फिरती आणि अधूनमधून गावी जाणे, असे एकूण 900 किमी धरू. कंपनीच्या कागदावर मायलेज 24 लिहिलेले असले तरी वर्धा रोडच्या सिग्नलवर थांबत, एसी चालू ठेवून हाती 15 पडते असे मानू. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा एसी बंद ठेवून हिशेब जुळवू असे कोणी मनाशी ठरवू नये. लिटरला 104 रुपये धरले तर 60 लिटरचे 6,240 रुपये झाले.

आता दर महिन्याला समोर न येणारे खर्च. विम्याचे वर्षाचे 18,000 रुपये असतील तर महिन्याचे 1,500 होतात. सर्व्हिसिंगचे 600. चार टायरचा संच साधारण 40,000 किमी चालतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरीही लवकर उतरते, म्हणून या दोन्हींसाठी मिळून 600. पार्किंग, धुणे, टोल यांचे 700. महाल-इतवारीच्या गल्लीत घर असेल आणि जागा भाड्याने घ्यावी लागली तर हा शेवटचा आकडा आणखी वाढतो. एकूण खर्च 9,640 रुपये झाला आणि हप्त्यासाठी उरले 2,360. दुचाकीचे वाचणारे पेट्रोल, समजा 1,500 रुपयांचे, यात मिळवले तर 3,860. 9 टक्के व्याजाने 4 वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला सुमारे 2,490 रुपये पडतो. म्हणजे कर्ज जेमतेम दीड लाख आणि गाडीची ऑन-रोड किंमत 4 लाखांच्या आसपास.

तिने नोकरीला दुचाकीने किंवा मेट्रोनेच जायचे ठरवले आणि गाडी फक्त घरच्या कामांना, आईवडिलांना दवाखान्यात न्यायला आणि गावी जायला वापरली, तर अंतर 350 किमीवर येते. पेट्रोल 2,430 रुपयांचे लागते. टायर आणि पार्किंगचा खर्चही थोडा उतरतो. विमा मात्र तेवढाच राहतो, कारण गाडी उभी असली तरी तो भरावाच लागतो. सगळे मिळून 5,380 रुपये. हप्त्याला 6,620 उरतात, त्यात 2.65 लाखांचे कर्ज बसते आणि ऑन-रोड किंमत 5.15 लाखांपर्यंत जाते. पगार तोच, शिल्लकही तीच. एक लाखाहून जास्त फरक पडला तो केवळ रोजच्या अंतरामुळे. म्हणून मॉडेल बघायला जाण्याआधी महिनाभराचे किलोमीटर लिहून काढणे ही या रीतीतली पहिली पायरी आहे.

ऑन-रोड किंमत आणि जाहिरातीतली एक्स-शोरूम किंमत यांत मोठे अंतर असते. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीवर 11 टक्के वाहनकर एकरकमी भरावा लागतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम 3 वर्षांचा घ्यावा लागतो. नोंदणी, फास्टॅग वगैरे धरून एक्स-शोरूमवर 16-17 टक्के चढतात. त्यामुळे 5.15 लाख ऑन-रोड म्हणजे सुमारे 4.4 लाख एक्स-शोरूम. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, त्यानंतर या रकमेत अगदी लहान हॅचबॅक बसते. पहिल्या हिशेबातल्या 4 लाखांत मात्र जुनी गाडी बघणेच शहाणपणाचे.

इथेच कर्जाची मुदत वाढवून देण्याची सूचना पुढे येते. 7 वर्षांच्या मुदतीत लाखाचा हप्ता 1,610 रुपयांवर येतो आणि त्याच 6,620 रुपयांत 4.1 लाखांचे कर्ज बसल्यासारखे दिसते. पण लाखामागे व्याज 19,000 ऐवजी 35,000 रुपये जाते, आणि सहाव्या-सातव्या वर्षी हप्ता चालू असतानाच क्लच, सस्पेन्शन, दुसरा टायर संच असे मोठे खर्च येतात. विमा कंपन्या वापरतात त्या घसारा तक्त्यात 4 ते 5 वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरलेली असते. त्यानंतरही दोन वर्षे हप्ते भरत राहणे म्हणजे अंदाजपत्रक फसल्याची खूण. दुसरी खूण विम्याच्या नूतनीकरणाच्या महिन्यात दिसते: ती रक्कम क्रेडिट कार्डवर ढकलावी लागली, तर चालवण्याचा खर्च कमी धरला होता हे नक्की.

सीएनजीचा हिशेब पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून उचलू नये. नागपुरात गॅस अनेक वर्षे टँकरने येत असल्याने महाग पडत आला, आणि 2022 मध्ये तर किलोचा भाव काही काळ पेट्रोलच्या लिटरमागे असलेल्या भावाच्याही वर गेला होता. आजचा स्थानिक भाव, घरापासून पंपाचे अंतर आणि गाडीच्या किमतीतला फरक या तिन्हींवरून किती महिन्यांत पैसे वसूल होतील ते काढावे. महिन्याला 350 किमी चालवणाऱ्याला हा फरक भरून निघायला बहुधा अनेक वर्षे लागतात.

जुन्या गाडीच्या बाबतीत छिंदवाडा, सिवनीकडची मध्य प्रदेश पासिंगची गाडी स्वस्त मिळते. पण ती कायमची नागपुरात आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला वाहनकर आणि नवी नोंदणी लागते. एमएच-31, एमएच-49 किंवा एमएच-40 च्या गाडीला फक्त नावबदल करावा लागतो. दोन्हींची तुलना हे खर्च मिळवूनच करावी. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदरही नव्यापेक्षा जास्त असतो आणि घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी बदलावी लागू शकते, म्हणून किमतीबाहेर 30-40 हजार रुपये राखून ठेवावेत.

आकडे पक्के झाल्यावर गाडी घेण्याआधी सहा महिने चाचणी घेता येते. उदाहरणातल्या तरुणीने गाडीवर जाणारे ते 12,000 रुपये दर महिन्याला पगार जमा होताच आवर्ती ठेवीत टाकावेत. एखाद्या महिन्यात हप्ता चुकला किंवा म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवावी लागली, तर मर्यादा 9-10 हजारांवर आणून हिशेब पुन्हा मांडावा. न चुकता जमले, तर डाउन पेमेंटमध्ये 72,000 रुपयांची भर पडलेली असते आणि तेवढे कर्ज कमी घ्यावे लागते.