रशियन कादंबरीतील निवेदनस्वराचा अनुवाद

एकोणिसाव्या शतकातल्या दीर्घ रशियन कादंबऱ्यांमधल्या निवेदकाची बोलण्याची ढब, म्हणजे त्याची पुनरुक्ती, लांबणारी वाक्ये आणि शब्दक्रम, दुसऱ्या भाषेत टिकवण्याची पद्धत. लिओ टॉलस्टॉयच्या ‘आन्ना कारेनिना’च्या (१८७५–७७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध) सुरुवातीवरून ती चांगली समजते.

ओब्लोन्स्कींच्या घरात सगळा गोंधळ माजला आहे, इथून सुरू होणाऱ्या परिच्छेदात ‘दोम’ (घर) हा शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून आठ वेळा येतात. त्यांत ‘दोमोचाद्त्सी’ म्हणजे त्या घरात राहणारे आश्रित, नोकरचाकर. ‘कुटुंबीय आणि दोमोचाद्त्सी’ ही जोडी निवेदक लागोपाठ तीनदा उच्चारतो. मोडत चाललेल्या घराचा घोष त्यातून कानात बसतो. कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या १९०१ च्या इंग्रजी अनुवादात ओब्लोन्स्कींकडची फ्रेंच गव्हर्नेस ‘घरात’ नव्हे, ‘कुटुंबात’ होती असे येते. आणि त्या जोडीचा दुसरा उच्चार ‘घरातली प्रत्येक व्यक्ती’ असा होतो. अर्थ कुठेच चुकलेला नाही, पण तीन कड्यांतली मधली निखळली आहे. मराठी अनुवाद इंग्रजीवरून केला, तर ही गळती तशीच पुढे येते.

खरे तर मराठीला इथे इंग्रजीपेक्षा सोपे आहे. घरात गोंधळ, त्यांच्या घरात राहिलेली फ्रेंच गव्हर्नेस, एका घरात राहणे अशक्य, तीनदा ‘घरातली माणसे’, नवरा तीन दिवस घरी नाही, मुले घरभर सैरावैरा: आठही जागा सहज भरतात. मात्र ‘घरची माणसे’ म्हटले की फसते, कारण मराठीत घरची माणसे म्हणजे कुटुंबच. नोकरचाकर त्यात धरले जात नाहीत. शाळेपासून पुनरुक्ती हा दोष म्हणून शिकवलेला असल्याने संपादकाचा हात ‘निवासस्थान’, ‘कुटुंब’ अशा पर्यायांकडे जातो. इथे तो आवरायला हवा.

वाक्याचा शेवट जास्त अवघड आहे. मूळ वाक्य सांगते, की प्रवाशांच्या सराईमध्ये योगायोगाने भेटलेली माणसेही एकमेकांशी अधिक जोडलेली असतात. आणि ते संपते ‘ओब्लोन्स्कींचे कुटुंबीय आणि दोमोचाद्त्सी’ या शब्दांवर. मराठीत क्रियापद शेवटी नेले की हा आघात ‘असतात’वर जातो. दोन वाक्ये केली तर तुलनाच सुटते. बोलण्यातली मोकळीक घेऊन ‘…अधिक जोडलेली असतात त्यांच्यापेक्षा, ओब्लोन्स्कींच्या कुटुंबातल्या आणि घरातल्या माणसांपेक्षा’ असे लिहिले, तर आघात जागेवर राहतो. आधीचे ‘असे त्यांना वाटत होते’ हेही ‘त्यांना वाटत होते, की’ असे पुढे आणावे. नाहीतर हे कोणाला वाटते आहे, ते वाचकाला शेवटी कळते.

पडताळणीसाठी मुळातला पुन्हा पुन्हा येणारा शब्द अधोरेखित करून मसुद्यात मोजतात. आठाचे पाच झाले असतील, तर गेलेले तीन कुठल्या वाक्यात गेले ते पाहतात, आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचतात.