४० नंबरचा ट्रिप आला की रिसेट करायच्या आधी हे वाचा

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, सगळीकडून एकच फोन येतो. "४० वर मशीन गेली, पण मेगावॅट तर दिसूनच राहिले होते न भाऊ, रिले खोटा चालला, टायमर वाढवून द्या." तोवर ८६ लॉकआउट रिले रिसेट झालेला असतो, रिलेतले रेकॉर्डही कुणीतरी साफ केलेले असतात आणि मशीन परत ग्रिडवर चढलेली असते. मग आमचा माणूस येऊन बघणार काय? म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून देतोय.

४० हा जनरेटरचं फील्ड, म्हणजे रोटरचं एक्सायटेशन, गेलं की चालणारा रिले. तेव्हाही मेगावॅट दिसतात कारण ते टर्बाइनच्या वाफेतून येतात, फील्डमधून नाही. फील्ड गेलं की मशीनचा ग्रिडशी असलेला ताळमेळ सुटतो, स्पीड सिंक्रोनसच्या थोडा वर जातो आणि जनरेटर इंडक्शन जनरेटरसारखा चालायला लागतो. मॅग्नेटायझिंगसाठी लागणारे मेगावार मग तो ग्रिडमधून ओढतो. गव्हर्नर वाफ कमी करतो त्यामुळे मेगावॅट जरा खाली येतात नाहीतर डोलतात, पण शून्य होत नाहीत.

समजा ११ केव्ही, १५ एमव्हीएची मशीन आहे, ९ मेगावॅट आणि ४ मेगावार देत होती, करंट साधारण ५१५ अँपिअर. फील्ड गेल्यावर मेगावॅट जवळपास तेवढेच, मेगावार मात्र उलटे, १२ आत येताहेत, व्होल्टेज ९.९ केव्हीवर आणि करंट ८७५. रेटेड करंट ७८७ आहे, म्हणजे ओव्हरकरंट रिलेला हे फार काही वाटत नाही, तो आरामात वेळ घेणार. तेवढ्यात रोटरच्या सॉलिड बॉडीत आणि वेजमध्ये स्लिप फ्रिक्वेन्सीचे करंट फिरत असतात, स्टेटरच्या टोकाचा कोअरही तापतो, आणि रोटरचं तापमान दाखवणारा मीटर बहुतेक पॅनलवर नसतोच. काही मिनिटांत कायमचं नुकसान होऊ शकतं.

४० हे बघतो इम्पीडन्सवरून. याच मशीनची Xd २ पर युनिट, X'd ०.२ पर युनिट, सीटी १०००/१, पीटी ११०००/११० धरली तर रिलेचा गोल शून्याच्या ८ ओहम खाली सुरू होतो (X'd चा अर्धा) आणि त्याचा व्यास १६१ ओहम (Xd). फील्ड असताना मशीन ११२ ओहम रेझिस्टन्स आणि अधिक ५० रिअॅक्टन्सवर बसते, म्हणजे गोलाच्या बाहेर. गेल्यावर ३९ आणि उणे ५२ वर येते, बरोबर गोलाच्या आत. या मोठ्या गोलाला आम्ही अर्धा सेकंदाच्या आसपास वेळ देतो, कारण जवळचा फॉल्ट क्लिअर झाल्यावरचा स्टेबल स्विंग गोलाला थोडा वेळ शिवून बाहेर जातो. काहींना हा वेळ कमी वाटतो, ५ सेकंद मागतात, पण स्विंगसाठी एवढा वेळ लागतच नाही, उरलेला वेळ रोटर नुसता भाजत राहतो. म्हणून विनंती आली तरी आम्ही तो वाढवत नाही.

आता खोटा ट्रिप खरंच होतो का? होतो. पीटीचा फ्यूज गेला आणि फ्यूज फेल्युअर ब्लॉकिंग लावलं नसेल तर होतो. आणि सीटीची पोलॅरिटी उलटी असेल तर फार फसवा प्रकार होतो, वरच्याच मशीनमध्ये ९ मेगावॅटवर काही होणार नाही, पण पूर्ण १५ एमव्हीए, ०.८ लॅगिंगवर नेली की फील्ड ठणठणीत असताना ट्रिप येईल, आणि फील्ड खरंच गेलं तर रिले गप्प बसेल. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट.

ब्रशलेसवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. पॅनलवरचा फील्ड अँपिअर मीटर एक्सायटरच्या फील्डचा असतो, मेन रोटरचा नाही. फिरणारे डायोड गेले तर तो करंट नेहमीपेक्षा जास्तही दिसतो, तेव्हा "फील्ड करंट तर होता" एवढ्यावर रिलेला खोटं ठरवू नका.

म्हणून ट्रिप आला की हात लावायच्या आधी रिलेच्या स्क्रीनचा फोटो काढा, डिस्टर्बन्स रेकॉर्ड उतरवा, ट्रिपच्या आधीचे मेगावार आत होते की बाहेर ते लॉगमधून बघा, आणि एव्हीआरवर कुठला अलार्म होता तो लिहून ठेवा. एवढं व्हॉट्सअॅपवर आलं तर बरेचदा कारण आम्ही फोनवरच सांगतो, व्हिजिटचे पैसे वाचतात. रेकॉर्ड साफ केलेलं असेल तर मात्र सीटीपासून डायोडपर्यंत सगळं तपासावं लागतं आणि त्यात तुमचा अख्खा दिवस जातो.

वार्षिक करारात सेटिंगशीट आणि ऑन-लोड दिशा तपासणी दोन्ही येतात. या तपासणीत रिलेतले मेगावॅट-मेगावारचे चिन्ह पॅनलशी जुळवून बघतो, पोलॅरिटीची चूक तिथेच पकडली जाते. फक्त शटडाउनमध्ये बोलावू नका, मशीन ग्रिडवर लोड घेऊन असताना वेळ द्या, बंद मशीनवर हे बघता येत नाही.